मित्राने पाठवलेली लिंक आणि त्याला लिहिलेला मेल

आजचा भाग एका मेलबद्दल आहे. माझ्या कॉलेजच्या एका मित्राने आमच्या ग्रुपवर एका वेबसाइटची लिंक टाकली होती. साइट मधुमेहाची. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, ‘शुगर मुळापासून बरी, ९० दिवसांत’. खाली मित्राचा मेसेज: ‘आईसाठी मागवतोय, तुमच्याकडे कोणाला त्रास असेल तर बघा, साइट एकदम जेन्युइन आहे.’

त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, गेली नऊ वर्षं शुगरच्या गोळ्या घेतायत. आणि साइटवर स्पष्ट लिहिलं होतं, की पावडर सुरू केल्यावर दहाव्या दिवसापासून गोळ्या अर्ध्या करा आणि महिन्यात बंद करा. म्हणून गप्प बसणं शक्य नव्हतं. पण ग्रुपवर सगळ्यांसमोर ‘अरे ही साइट फेक आहे’ असं लिहिलं असतं तर काय झालं असतं? त्याने आईसाठी काहीतरी शोधलं होतं, प्रेमाने शोधलं होतं. चारचौघांत खोटा पडला असता तर तो साइटची बाजू घेऊन भांडला असता. तेव्हा मी त्याला एकट्याला मेल केला. फोन नाही, मेल. कारण फोनवर माणूस लगेच उत्तर द्यायला बघतो. मेल तो निवांत वाचतो, लिंक उघडून बघतो.

त्याची परवानगी घेऊन तो मेल आज वाचून दाखवतोय. नावं काढलीत, साइटचंही नाव घेत नाही. एक गोष्ट आधी सांगतो. मेल लिहिताना मी स्वतःला एक नियम घातला होता: ‘माझं ऐक’ असं एकदाही म्हणायचं नाही. प्रत्येक मुद्दा असा हवा, की त्याने मोबाइलवर दोन-तीन मिनिटांत स्वतःच्या डोळ्यांनी बघावा. मी सॉफ्टवेअरवाला आहे, डॉक्टर नाही. माझ्या शब्दाला या विषयात वजन नाही, पण जे दिसतं त्याला आहे.

मेलची सुरुवात अशी:

> अरे, तू टाकलेली लिंक मी नीट वाचली, सगळी पानं. काकूंसाठी तू एवढं शोधतोयस हे बघून बरं वाटलं. साइटवर एक गोष्ट खरी आहे, ती आधी सांगतो. टाइप २ मधुमेहात काही लोकांची शुगर गोळ्यांशिवाय नॉर्मल राहू शकते. ही थाप नाही.

इथे थोडं थांबतो. ही सुरुवात नुसती गोड बोलण्यासाठी नव्हती. अशा साइट पूर्ण खोटं क्वचितच बोलतात. एका खऱ्या गोष्टीला धरून त्या उभ्या राहतात. तो खरा भाग तुम्ही मान्य केला नाहीत, तर समोरचा म्हणणार, ‘याला काही माहीतच नाही.’

आणि हा खरा भाग काय आहे ते बघण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये ‘डायरेक्ट’ नावाचा अभ्यास झाला, त्याचे पहिले निकाल २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरीचाच आहार दिला, म्हणजे सूप आणि शेकवर ठेवलं, मग हळूहळू जेवणावर आणलं. वर्षाच्या शेवटी त्यातल्या ४६ टक्के लोकांची शुगर औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या गटात हे प्रमाण ४ टक्के होतं. पण अटी ऐका. मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतले लोक घेतले होते. इन्सुलिन घेणारे घेतलेच नव्हते. आणि गोळ्या बंद केल्या त्या अभ्यासातल्या वैद्यकीय टीमच्या देखरेखीत. डॉक्टर याला ‘बरं होणं’ म्हणत नाहीत, ‘रेमिशन’ म्हणतात. म्हणजे आजार शांत झालाय, वजन परत वाढलं तर तो उठू शकतो.

मेलमध्ये मी हे चार ओळींत लिहिलं आणि शेवटी एवढंच विचारलं: ‘काकूंना नऊ वर्षं झालीत. साइटने तुला किती वर्षं झाली, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे ऑर्डर घेण्याआधी विचारलं का?’ विचारलं नव्हतं. फक्त पिनकोड विचारला होता.

मग पहिली खूण. माझ्या मते सगळ्यात जड.

> साइटवर ‘आंतरराष्ट्रीय संशोधनाने सिद्ध’ असं लिहून खाली एक लिंक दिली आहे. ती उघड. पबमेडचं पान येईल. घाबरू नकोस, पूर्ण पेपर वाचायचा नाही. फक्त वरचा परिच्छेद वाच आणि एकच प्रश्न विचार: हा प्रयोग कोणावर झाला?

उत्तर होतं, उंदरांवर. आता हे नीट समजून घ्या. उंदरांना आधी स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचं रसायन टोचतात. ते स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतं, म्हणून त्यांची शुगर वाढते. मग त्यांना एका वनस्पतीचा अर्क देऊन बघतात, शुगर उतरते का. प्रयोगशाळेत ही नेहमीची पद्धत आहे, त्यात लबाडी काही नाही. पेपर खोटा नव्हता. पण त्या पेपरमध्ये एकाच झाडाचा अर्क होता, साइटच्या पावडरमध्ये अकरा वनस्पती आहेत. पेपरमध्ये काही आठवड्यांचा प्रयोग होता, साइट ९० दिवसांत मुळापासून म्हणते. आणि माणसाने गोळ्या बंद कराव्यात असं त्या पेपरमध्ये कुठेच नाही.

म्हणजे लिंक खरी, पेपर खरा, पण पेपर जे म्हणतो ते वेगळं आणि साइट जे म्हणते ते वेगळं. बहुतेक लोक लिंक आहे एवढंच बघतात, उघडत नाहीत. साइटवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. अजून एक, पबमेडवर एखादा पेपर दिसला म्हणजे कोणी त्या औषधाला मान्यता दिली असं नाही. ती अमेरिकेच्या सरकारी वैद्यकीय ग्रंथालयाची सूची आहे. ग्रंथालयात पुस्तक असतं म्हणून त्यातलं सगळं आपल्याला लागू पडत नाही, तसंच हे.

दुसरी खूण:

> साइटवरच्या डॉक्टरांच्या फोटोवर बोट दाबून धर. गूगल लेन्सने शोधायचा पर्याय येईल. बघ काय दिसतं.

पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, हसरा चेहरा. खाली ‘३० वर्षांचा अनुभव’. लेन्सवर तोच चेहरा एका दाताच्या दवाखान्याच्या साइटवर होता, एका विम्याच्या जाहिरातीत होता आणि एका फोटो विकणाऱ्या साइटवर होता. म्हणजे तो मॉडेल आहे. त्या बिचाऱ्याला माहीतही नसेल की आपण भारतात मधुमेह बरा करतोय.

पण फक्त फोटोवर थांबू नका, कारण खऱ्या डॉक्टरचा फोटोही कोणी चोरू शकतो. खरा प्रश्न आहे नोंदणी क्रमांकाचा. आपल्याकडे डॉक्टरने दवाखान्यात आणि प्रिस्क्रिप्शनवर स्वतःचा नोंदणी क्रमांक लावायचा असतो. तुमच्या घरातली कुठलीही चिठ्ठी काढून बघा, नावाखाली किंवा शिक्क्यात नंबर असतो. ह्या साइटवर आडनाव नव्हतं, पदवी नव्हती, नंबर नव्हता. नुसतं ‘डॉक्टर’ आणि पहिलं नाव. जो माणूस तुमच्या आईच्या गोळ्या बंद करायला सांगतो, त्याचं आडनाव तरी कळायला हवं ना?

तिसरी खूण माझ्या धंद्यातली, म्हणून जरा रमलो. साइटवर लाल अक्षरात घड्याळ चालू होतं: ‘ऑफर संपायला १४ मिनिटं ३२ सेकंद.’ मित्राने घाईत ऑर्डर केली ती त्यामुळेच. मी पानाचा कोड उघडला. नाव बदलून सांगतो, सांगाडा हाच होता:

```javascript
let shevat = Date.now() + 15 * 60 * 1000;
```

ह्या एका ओळीचा अर्थ असा: तुम्ही पान उघडलंत ती वेळ घे आणि त्यात १५ मिनिटं मिळव. पंधरा मिनिटांचे सेकंद, सेकंदाचे मिलिसेकंद, म्हणून तो गुणाकार. म्हणजे ऑफर कधी संपते? तुम्ही पान उघडल्यावर पंधरा मिनिटांनी. मी उघडल्यावर माझी पंधरा मिनिटं. उद्या उघडलं तर उद्याची. खरी ऑफर असती तर कोडमध्ये एक ठरलेली तारीख असती, सगळ्यांना सारखी.

कोड बघायची गरज नाही. मेलमध्ये मी त्याला लिहिलं, ‘इन्कॉग्निटोमध्ये तेच पान उघड. घड्याळ परत पंधरापासून सुरू होईल.’ कोपऱ्यात दर थोड्या वेळाने उगवणाऱ्या त्या चौकटीचंही तसंच, ‘नाशिकहून एकाने आत्ताच २ बाटल्या घेतल्या’. कोडमध्ये गावांची एक यादी होती आणि त्यातून कुठलंही एक नाव उचलायची सूचना होती. त्या क्षणी नाशिकमध्ये कोणी काही घेतलेलं नव्हतं.

आणि `web.archive.org` वर साइटचा पत्ता टाकला, तर जुनी पानं दिसतात. ‘फक्त शेवटचे ३ दिवस’ ही ओळ तिथे वर्षभरापूर्वीच्या पानावरही होती.

आता म्हणाल, घाई करायला लावणं हे तर शर्ट विकणारेही करतात. बरोबर. म्हणून ही खूण एकटी पुरेशी नाही. पण शर्टाची घाई आणि औषधाची घाई यात फरक आहे. ज्याला तुमच्या तब्येतीचं पडलंय तो म्हणेल, ‘आधी रिपोर्ट दाखवा.’ ‘चौदा मिनिटांत पैसे भरा’ असं तो म्हणणार नाही.

चौथी खूण बाटलीवर आहे. साइटवरच्या फोटोत बाटलीवर १४ आकडी एफएसएसएआय नंबर दिसत होता. मित्र म्हणाला होता, ‘सरकारी लायसन्स आहे, बघ.’ मेलमध्ये त्याला लिहिलं:

> नंबर `foscos.fssai.gov.in` वर तपासता येतो. समजा तो खरा निघाला. तरी तो नंबर खाद्यपदार्थाचा आहे, बिस्किटाच्या पुड्यावर असतो तोच प्रकार. तो सांगतो की हा माल अन्न म्हणून विकायला परवाना आहे. आजार बरा होतो असा दावा अन्नाच्या नावाने करताच येत नाही. म्हणजे परवाना अन्नाचा काढायचा आणि जाहिरात औषधाची करायची.

आणि औषध म्हणून विकलं असतं तरी अडचण होतीच. आपल्याकडे १९५४ सालचा एक कायदा आहे, औषधे आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबद्दलचा. त्याला आजारांची एक यादी जोडलेली आहे आणि त्या आजारांवर बरं करण्याच्या जाहिराती करायला मनाई आहे. त्या यादीत मधुमेह आहे. कायदा आहे म्हणून अशा जाहिराती दिसायच्या थांबल्यात असं नाही, ते तुम्ही रोज बघता. पण तुमच्यासाठी ती सोपी खूण आहे. ‘मधुमेह मुळापासून बरा’ हे वाक्य ज्या पानावर मोठ्या अक्षरात आहे, त्या पानाने पहिल्याच ओळीत स्वतःबद्दल सांगून टाकलंय.

आता मी मेलमध्ये काय मुद्दाम टाकलं नाही, तेही सांगतो. साइटवर शुद्धलेखनाच्या चुका होत्या. मी त्याबद्दल लिहिलं नाही. चांगल्या डॉक्टरांच्या साध्या साइटवरही चुका असतात आणि फसवणारे पैसे देऊन छान मराठी लिहून घेतात. `lookup.icann.org` वर बघितलं तर डोमेन चौदा महिन्यांपूर्वी घेतलेलं होतं. ते मी फक्त एका ओळीत लिहिलं, कारण नवी साइट म्हणजे खोटी साइट असं नसतं. साइटवर ‘स्थापना १९८८’ लिहिलं होतं, पण जुनी कंपनीही उशिरा साइट काढू शकते.

आणि कुलूप. मित्र म्हणाला होता, ‘पत्त्यात `https` आहे, सिक्युअर आहे.’ हे मात्र त्याला समजावलं. त्याचा अर्थ इतकाच, की तुमचा मोबाइल आणि ती साइट यांच्यातलं बोलणं मधल्या कोणाला वाचता येत नाही. पलीकडे कोण बसलंय याची ती हमी नाही. असं सर्टिफिकेट फुकट मिळतं, काही मिनिटांत. लोक त्या कुलपाचा अर्थ ‘साइट चांगली’ असा घेतात हे लक्षात आल्यावर क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याच्या पट्टीतून कुलपाचं चित्र काढूनच टाकलं.

सांगायचा मुद्दा, सगळ्या खुणा सारख्या वजनाच्या नसतात. दहा हलक्या खुणा लिहिल्या की समोरचा त्यातली सगळ्यात हलकी उचलतो आणि म्हणतो, ‘शुद्धलेखनावरून काय ठरवतोस?’ चारच लिहा, पण त्याला टाळता येणार नाहीत अशा.

मग धोका काय, तो लिहिला. हा भाग लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण भीती घालायची नव्हती.

> काकूंच्या गोळ्या अचानक बंद झाल्या तर लगेच काही होणार नाही, आणि त्रास तिथेच आहे. शुगर वाढलेली पहिले काही आठवडे कळत नाही. त्यांना वाटेल पावडर लागू पडली. दुसरी बाजू अशी, की ‘फक्त जडीबुटी’ म्हणून विकलेल्या काही शुगरच्या उत्पादनांत तपासणीत चक्क ॲलोपथीची शुगर उतरवणारी औषधं सापडली आहेत. अमेरिकेच्या एफडीएने अशा उत्पादनांबद्दल इशारे दिले आहेत. तुझ्या पावडरीत तसं काही आहे असं मी म्हणत नाही, मला माहीत नाही आणि तुलाही कळायला मार्ग नाही. पण काकू ग्लिमेपिराइड घेतायत. त्यावर लपलेलं तसलंच औषध पडलं तर शुगर एकदम खाली जाईल. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं. रात्री झोपेत झालं तर कोणाला कळणार?

मेल पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, आणि त्यात मला अपेक्षित नव्हतं ते होतं. त्याने एकाही खुणेवर वाद घातला नाही. त्याने लिहिलं: ‘सगळं बघितलं. उंदराचं तर मी आईलाही दाखवलं. पण आई म्हणते, आपले डॉक्टर दोन मिनिटं बोलतात. साइटवाल्या बाई फोनवर अर्धा तास ऐकत होत्या.’

मंडळी, इथे खरी गोष्ट आहे. साइट विश्वासाची वाटली ती पेपरमुळे नाही, फोटोमुळे नाही. कोणीतरी ऐकून घेतलं म्हणून. फोनवरच्या त्या बाईंना प्रत्येक बाटलीमागे कमिशन असेल, पण काकूंना अर्धा तास मिळाला हे खरं होतं. मी नुसतं ‘साइट खोटी’ सिद्ध करून थांबलो असतो तर काकूंच्या हातात काहीच उरलं नसतं, आणि पुढच्या महिन्यात दुसरी साइट आली असती.

म्हणून दुसरा मेल लहान लिहिला. त्यात फक्त तीन प्रश्न होते, काकूंनी कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्यायचे. एक, माझी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, गेल्या तीन रिपोर्टमध्ये किती होती आणि माझ्यासाठी किती असायला हवी? दोन, वजन कमी झालं तर माझ्या कोणत्या गोळ्या कमी होऊ शकतील, आणि ते कोण ठरवणार, कधी? तीन, ही पावडर मागवली आहे, घेऊ का? बाटली सोबत न्यायची, फोटो नाही, बाटली. डॉक्टरांसमोर कागद ठेवला की दोन मिनिटांची दहा होतात. पेशंट प्रश्न लिहून आला की त्याला टाळणं अवघड असतं.

काकू गेल्या. बाटली घेऊन गेल्या. डॉक्टरांनी पावडर घेऊ नका म्हणून सांगितलं आणि एक गोळी बदलली, कारण एचबीए१सी खरंच वाढलेली होती. म्हणजे काकूंची तक्रार चुकीची नव्हती, गोळ्या लागू पडत नव्हत्याच. साइटने ती तक्रार बरोबर हेरली होती, उत्तर तेवढं विकत दिलं होतं.

शेवटी मित्राने विचारलं, ‘मग वाचायचं तरी कुठे?’ त्याला एक सोपी तुलना सांगितली, तुम्हालाही सांगतो. ब्रिटनच्या एनएचएसच्या साइटवर मधुमेहाचं पान उघडा. खाली दोन तारखा दिसतील: हे पान शेवटचं कधी तपासलं आणि पुढचं कधी तपासणार. पानावर विकायला काही नाही. आणि औषधांबद्दलच्या पानावर ते सांगतात, डॉक्टरांशी बोलल्याशिवाय बंद करू नका. मग परत ती पावडरची साइट उघडा. तारीख शोधा. सापडणार नाही. बटण मात्र लगेच सापडेल, मोठं, केशरी, ‘आत्ता मागवा’.

तुमच्या ग्रुपवर अशी लिंक आली, तर ग्रुपवर उत्तर देऊ नका. ज्याने टाकली त्याला वेगळं लिहा. आधी त्यातलं खरं काय ते सांगा, मग त्याला स्वतः बघता येतील अशा तीन-चार गोष्टी, आणि शेवटी विचारा, ही साइट तुला का पटली? त्याच्या उत्तरात तुमच्या दुसऱ्या मेलचा विषय असेल.

भेटू पुढच्या भागात.